काळ्या पट्ट्या चुकीच्या ओळींवर: जन माहिती अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जन माहिती अधिकारी आणि मा. प्रथम अपिलीय अधिकारी,
वृक्ष प्राधिकरण, आमच्या शहराची महानगरपालिका

महोदय,

शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक तर तुम्ही मला ओळखता. दुसरे म्हणजे, ही गोष्ट फक्त आमच्या शहरात घडते असा माझा समज नाही.

आमच्या सोसायटीशेजारच्या प्लॉटवरची १४ झाडे तोडण्याचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे आला. त्यात एक वड आहे, दोन चिंचा आहेत, बाकी अशोक, आंबा आणि गुलमोहोर. हरकती मागवल्याची सूचना झाडावर चिकटवलेली पाहिली आणि आम्ही चार जणांनी हरकती दिल्या. माझी नोकरी सरकारी कचेरीत गेली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि त्या काळात इतिवृत्ते लिहिली शेकड्यांनी. त्या सवयीने हरकतीच्या अर्जात शेवटी एक ओळ घातली: ‘माझे नाव, पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक गोपनीय ठेवावा.’ अर्जाची पोच शिक्क्यासह माझ्याजवळ आहे.

सुनावणी झाली. आम्ही चौघेही हजर होतो, बोललो, घरी आलो. त्यानंतर काही आठवड्यांनी एक गृहस्थ दारात उभे राहिले. हातात त्या सुनावणीच्या इतिवृत्ताची झेरॉक्स. त्यावर तुमचा ‘माहिती अधिकारान्वये सत्यप्रत’ असा शिक्का, आणि पान ६ वर माझे नाव, फ्लॅट क्रमांक, मोबाइल क्रमांक. शेजारच्या बाईंच्या नावापुढे त्यांच्या मुलाच्या आजाराचाही उल्लेख. गृहस्थ अतिशय नम्र होते. ‘ताई, एवढं मनावर कशाला घेता, झाडं काय पुन्हा लावता येतात,’ एवढेच म्हणाले आणि चहा न घेता गेले. धमकी नव्हती. पण शेजारच्या बाईंनी त्या दिवसापासून मुलाला एकट्याने क्लासला पाठवणे बंद केले.

त्यानंतर मी स्वतः तेच इतिवृत्त माहिती अधिकारात मागितले. जोडपत्र ‘अ’ भरले, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. २८व्या दिवशी उत्तर आले. नऊ पाने, पानामागे दोन रुपये, एकूण अठरा रुपये. त्या नऊ पानांतली पाच पाने वाचता येत नव्हती, कारण ती काळ्या मार्करने रंगवली होती.

मी त्या सभेत बसले होते, त्यामुळे काळ्याखाली काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजते. प्रस्ताव देणाऱ्या विकासकाचे नाव काळे. त्यांच्या वास्तुविशारदाचे नाव काळे. गट क्रमांक काळा. ठरावाला विरोध करणाऱ्या दोन सदस्यांची नावे काळी, आणि बाजूने मत देणाऱ्यांचीही. ‘चर्चा’ या मथळ्याखालचा दीड पानांचा मजकूर सलग काळा. उरले ते ‘बहुमताने मंजूर’. सोबतच्या पत्रात एकच वाक्य: ‘कलम ८ अन्वये वैयक्तिक माहिती वगळून माहिती पुरविण्यात येत आहे.’

ज्याने झाडे तोडायची त्याला सगळे उघडे, ज्यांनी अडवायची त्यांना सगळे झाकलेले. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. पहिल्या अर्जाच्या वेळी कोणी पाहिलेच नाही आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी कोणी घाबरले, असेच बहुधा झाले असावे. कचेरी मला माहीत आहे. पण आता तक्रारी एकेक सांगते.

पहिली तक्रार: कोणाचे नाव झाकायचे, हेच ठरवलेले नाही

इतिवृत्तात नाव असलेली सगळी माणसे सारखी नसतात. सदस्य तिथे पदामुळे बसतो. वृक्ष अधिकारी आणि उद्यान अधीक्षक नोकरीमुळे बसतात. विकासक तिथे येतो तो सार्वजनिक परवानगी मागायला. या तिघांनी त्या खोलीत जे केले ते सार्वजनिक काम आहे. हरकतदार मात्र शेजारी म्हणून येतो, आणि त्याचा फोन नंबर झाडाबद्दल काहीच सांगत नाही.

तुमच्या लिपिकाने फोनवर सांगितले, ‘मॅडम, आता आठ-एक-जे बदललंय, नाव म्हटलं की वैयक्तिक.’ बदलले आहे हे खरे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ वैयक्तिक माहिती आणि ‘खासगीपणावर अनाठायी अतिक्रमण’ अशी कसोटी होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ती कसोटी काढून टाकली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते कलम लागू झाले. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. मला तो बदल पटलेला नाही. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही ओळसुद्धा त्याच्यासोबत गेली. पण ते भांडण तुमच्याशी नाही.

तुमच्याशी आहे ते एवढेच: त्याच २०२३च्या कायद्यात वैयक्तिक डेटा म्हणजे एखाद्या माणसाबद्दलचा डेटा. कंपनी माणूस नाही. तेव्हा विकासक कंपनीचे नाव ‘वैयक्तिक’ म्हणून झाकण्याला आधार उरत नाही. गट क्रमांक जमिनीचा असतो आणि तो झाडावर चिकटवलेल्या सूचनेतच छापलेला होता. सदस्याने हात वर करून दिलेले मत ही त्याची खासगी बाब कशी? आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) जसेच्या तसे आहे: माहिती उघड करण्यातले लोकहित तिच्या संरक्षणातून होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. तुमच्या पत्रात ८(२) चा विचार केल्याची एक ओळही नाही.

हरकतदारांची नावे झाकायला मात्र भक्कम आधार आहे, आणि तो वापरायला तुम्ही विसरलात. माहिती दिल्याने कोणाच्या जीविताला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होणार असेल, तर ती देण्याचे बंधन नाही, असे कलम ८(१)(छ) सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई प्रकरणात विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाहायला द्या म्हटले, पण परीक्षकांची ओळख देणारा भाग वेगळा करून. २०१२ मध्ये बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावे याच कलमाखाली झाकू दिली. दोन्हीकडे विचार एकच: कागद द्या, पण ज्याला त्रास होऊ शकतो त्याचे नाव काढून द्या.

आणि मी तर लिहूनच दिले होते. त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करायची असेल तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस द्यायची आणि म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे, हे कलम ११ आहे. मला नोटीस आली नाही. उरलेल्या तिघांनाही नाही. कलम ११ बहुतेक कचेऱ्यांत कंत्राटदाराच्या निविदेसाठीच आठवते, हा माझा जुना अनुभव. हरकतदार बाईसुद्धा त्रयस्थ असू शकते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी तक्रार: परिच्छेद सलग काळा करणे म्हणजे माहिती नाकारणेच

कलम १० म्हणते, झाकण्याजोगा भाग वेगळा करा आणि उरलेला द्या. म्हणजे काम वाक्यागणिक, कधी शब्दागणिक करायचे असते. परिच्छेदागणिक नाही. मला त्या सभेतले जे आठवते त्यावरून चर्चेचा मजकूर साधारण असा असणार:

‘हरकतदार श्रीमती अमुक, फ्लॅट क्र. तमुक, भ्र. क्र. अमुक यांनी त्यांच्या मुलास दम्याचा त्रास असल्याने वृक्षतोडीस हरकत घेतली. सदस्य श्री. अमुक यांनी तळघराचा रॅम्प तीन मीटर सरकविल्यास वड वाचेल काय, अशी विचारणा केली. उद्यान अधीक्षकांनी तसे शक्य असल्याचे, तथापि प्रस्तावकाची तयारी नसल्याचे सांगितले. ११ वृक्ष तोडणे व ३ वृक्षांचे पुनर्रोपण करणे, असे बहुमताने ठरले.’

यातून काय झाकायला हवे? माझ्या मते पहिल्या वाक्यातल्या तीन गोष्टी: नाव, पत्ता आणि फोन, मुलाचा आजार. तर प्रत अशी निघाली असती:

‘[हरकतदार क्र. २ – ८(१)(छ)], [पत्ता व दूरध्वनी – ८(१)(ञ)] यांनी [कुटुंबीयाच्या आरोग्याचे कारण – ८(१)(ञ)] देऊन वृक्षतोडीस हरकत घेतली.’ आणि त्यापुढचा प्रत्येक शब्द उघडा.

अशी प्रत वाचणाऱ्याला कोण बोलले ते कळत नाही, पण काय बोलले आणि त्यावर काय ठरले ते सगळे कळते. आमच्या प्रतीत उलटे झाले. त्या परिच्छेदातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य रॅम्पचे आहे. वड वाचू शकत होता, आणि हे प्राधिकरणाला मतदानापूर्वी माहीत होते. ते वाक्य काळ्याखाली गेले, कोणत्या पोटकलमाखाली ते सांगितलेले नाही. ‘अधिकाऱ्यांचे अभिप्राय अंतर्गत असतात’ असे उत्तर मला तोंडी मिळाले. महोदय, कलम २(च) मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येतच अभिप्राय आणि सल्ला हे शब्द आहेत. विचारविनिमय झाकायची मुभा ८(१)(झ) मध्ये आहे, पण ती मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना. तीसुद्धा निर्णय होऊन विषय संपेपर्यंतच. महानगरपालिकेची वृक्ष समिती म्हणजे मंत्रिमंडळ नव्हे.

‘हरकतदार क्र. २’ असा क्रमांक देण्यात एक खुबी आहे ती सांगून ठेवते. नुसती काळी पट्टी मारली की पान ३ वरची बाई आणि पान ६ वरची बाई एकच की दोन, हे वाचणाऱ्याला कळत नाही. क्रमांक दिला तर चर्चेचा धागा तुटत नाही. शिवाय पट्टीच्या लांबीवरून नाव ओळखता येते. चौघांत एकाचेच आडनाव आठ अक्षरी असेल, तर लांब पट्टी कोणाची हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तिसरी तक्रार: झाकले तेही नीट झाकले नाही

मला दिलेले पान ६ मी खिडकीच्या काचेला लावले. मार्करची शाई जांभळट झाली आणि तिच्याखाली शेजारच्या बाईंचे नाव स्वच्छ दिसले. म्हणजे ज्या एका जागी झाकणे बरोबर होते, तिथेही झाकले गेले नाही.

त्याच इतिवृत्ताची पीडीएफ मला ईमेलनेही आली. तिच्यात काळे चौकोन होते. माझ्या भाच्याने सगळा मजकूर निवडला, कॉपी केला, कोऱ्या पानावर चिकटवला. चौकोन गेले, अक्षरे आली. चौकोन हा मजकुरावर ठेवलेला वेगळा तुकडा असतो. त्याखालचा मजकूर फाइलमध्ये जिथल्या तिथे राहतो. (मोबाइल नंबर माझाच होता, म्हणून हसू आले. दुसऱ्याचा असता तर आले नसते.)

कागदावर हे काम करायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. तिची झेरॉक्स घ्यायची. त्या झेरॉक्सवर झाकायच्या जागी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि पट्टीवर पोटकलम लिहायचे. मग तिची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ती दुसरी झेरॉक्स द्यायची. दुसऱ्या झेरॉक्समध्ये पट्टीखाली काही नसतेच, मग उजेडात धरा नाहीतर काहीही करा. संगणकावर करायचे असेल तर टंकलिखित फाइलची वेगळी प्रत काढून तिच्यात नावाच्या जागी ‘हरकतदार क्र. २’ असे टंकायचे, छापायचे, आणि छापलेले पान स्कॅन करून पाठवायचे. पाठवण्याआधी दोन तपासण्या: कागद खिडकीला लावून पाहा, आणि फाइलमध्ये प्रत्येक हरकतदाराचे आडनाव शोधून पाहा. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये शोधून काही सापडत नाही, म्हणून तिथे डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

आणि वाचताना नाव फक्त चर्चेत शोधून भागत नाही. आमच्या बाबतीत चर्चेतले एक नाव झाकले, पण उपस्थिती पत्रकात तेच नाव सहीसकट उघडे राहिले. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा विषय असतो, तिथे दुरुस्ती सुचवताना नाव पुन्हा येते. कार्यवाही अहवालात येते. जोडलेल्या हरकतीच्या अर्जावर येते, समासातल्या शेऱ्यात येते. आणि कधी नाव न लिहिताही येते. ‘प्लॉटला लागून असलेल्या बैठ्या घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका’ असे लिहिले की आमच्या गल्लीत ते नावच झाले. तेवढा तपशीलही झाकावा लागतो.

चौथी तक्रार: पत्र

कलम १०(२) प्रमाणे अर्धी माहिती देताना अर्जदाराला काय कळवायचे ते ठरलेले आहे: कागदाचा काही भाग वगळून देत आहोत हे, त्याची कारणे आणि ती कोणत्या आधारावर काढली ते, निर्णय घेणाऱ्याचे नाव व पदनाम, फीचा हिशेब, आणि याविरुद्ध कोणाकडे, किती दिवसांत, कसे जायचे ते. तुमच्या पत्रात यातले पहिले आणि चौथे आहे. निर्णय घेणाऱ्याचे नावही नाही. सही आहे, ती वाचता येत नाही. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही.

मला तुमची बाजू दिसत नाही असे नाही. जन माहिती अधिकारी हे वेगळे पद नसते. आपले टेबल सांभाळून हेही करायचे, डोक्यावर दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंडाची टांगती तलवार. अशा वेळी ‘सगळं काळं करून टाका, कोणी बोट दाखवणार नाही’ हा विचार मनात येतो. माझ्याही आला असता. पण कलम २१ सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. विचार करून, कारण लिहून एखादी ओळ उघडी ठेवली आणि ती चुकली, तर ते कलम तुमच्या पाठीशी आहे. कारण न देता दीड पान काळे केले तर मात्र दुर्भावाने नाकारल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि दंडाच्या कलमात तोही लिहिलेला आहे.

आता मागण्या.

पंधरा दिवसांत नऊ पानांची नवी प्रत द्यावी, वर दाखवले तसे शब्दागणिक वेगळे करून, प्रत्येक पट्टीवर पोटकलम लिहून. तिचे पैसे घेऊ नयेत. अठरा रुपये मी एकदा भरले आहेत.

आम्हा चारही हरकतदारांना लेखी कळवावे की आमची माहिती न झाकता दिली गेली, कोणत्या तारखेला, कोणकोणती पाने. ती कोणी मागितली हे मी विचारत नाही. माहिती मागणे हा त्यांचा हक्क होता. चूक देणाऱ्याकडे झाली.

ईमेलने गेलेली पीडीएफ आणखी कोणाकोणाला पाठवली आहे ते तपासावे, आणि संकेतस्थळावर चढवली असेल तर त्याच दिवशी उतरवावी.

चौथी मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती मान्य झाली तर बाकीच्या तक्रारी पुन्हा उद्भवणारच नाहीत. हरकतीचा अर्ज दोन पानांचा करावा. पहिल्या पानावर हरकत आणि तिची कारणे, दुसऱ्या पानावर नाव, पत्ता, फोन. पहिल्या पानाला आवक क्रमांकाबरोबर हरकतदार क्रमांक द्यावा आणि इतिवृत्तात तोच क्रमांक लिहावा. दुसरे पान वेगळ्या बंद पाकिटात धारिकेला जोडावे. इतिवृत्तात फोन नंबर मुळात गेलाच नाही, तर तो झाकायला मार्कर लागणार नाही. असे लिहिलेले इतिवृत्त कोणी मागण्याची वाट न पाहता संकेतस्थळावर टाकता येईल. आपल्या समित्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही हे स्वतःहून जाहीर करणे कलम ४(१)(ख) प्रमाणे तसेही तुमचे काम आहे.

आणि शेवटी, काय झाकले याची एक नोंदवही ठेवावी: पान, ओळ, पोटकलम, झाकणाऱ्याचे नाव, तारीख. आमच्या कचेरीत एका दोनशे पानी वहीवर हे चालायचे. पुढचा अर्ज आला की वही उघडायची, म्हणजे एकाला उघडे आणि दुसऱ्याला काळे असे होत नाही.

प्रथम अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा स्टॅम्प लावून स्वतंत्रपणे दाखल केले आहे. त्याच्यासोबत पान ६ ची माझ्या हाताने पट्ट्या लावून केलेली नमुना प्रत जोडली आहे. पट्ट्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या आहेत, क्षमस्व. खिडकीला लावून पाहावी.

आपली विश्वासू,
हरकतदार क्र. ३